‘जबाबदारी राहणार नाही’ असे छापलेली पावती हातात आली, तर काय करावे

माझ्या टेबलावर गेली दोन वर्षे एक फिकट पिवळी पावती आहे. राजारामपुरीतल्या एका लाँड्रीची ती पावती असून तिच्यावर हाताने ‘शालू 1, ड्रायक्लीन, रु. 350’ एवढेच लिहिले आहे आणि मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत सात अटी छापल्या आहेत. कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात मी वकिली करतो आणि पहिल्यांदाच अशा भानगडीत सापडलेली माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा ती आपली पावती पुढे करून बहुधा एकच वाक्य बोलतात : ‘साहेब, इथं तर लिहिलंच आहे, आता काय होणार?’ या वाक्यातली ‘लिहिलंच आहे म्हणजे संपलं’ ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे आणि पावती हातात घेऊन नेमके काय करावे, हे या एका पावतीच्या आधारे सविस्तर सांगतो. पावती माझ्या वहिनींची आहे, त्यामुळे तिचा इतिहास मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

वहिनींनी लाँड्रीत देण्याच्या दोन वर्षे आधी लग्नसराईत 18,500 रुपयांना शालू घेतला होता. तो चार वेळा नेसून झाल्यावर त्यांनी या लाँड्रीत दिला. आठ दिवसांनी परत आणला तेव्हा पदराच्या जरीवर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा, तळहाताएवढा करपलेला डाग होता आणि तिथले रेशीम बोट लावले तरी तुटत होते. काउंटरवरच्या माणसाने पावती उलटी करून पाचव्या अटीवर बोट ठेवले. तिचा मराठीत अर्थ असा होता : कपडा हरवल्यास किंवा खराब झाल्यास धुलाईच्या दहापटीपेक्षा जास्त भरपाई मिळणार नाही. म्हणजे 350 चे दहापट, 3,500 रुपये, आणि तेही पुढच्या धुलाईतून वळते करून घेण्याच्या बोलीवर.

काउंटर सोडण्याआधी

नुकसान झाल्याचे दिसले की पहिले काम कायद्याचे नसून कागदाचे असते. वस्तू ताब्यात घेताना बहुतेक ठिकाणी एखाद्या वहीत सही घेतात आणि त्या ओळीवर ‘कपडे चांगल्या स्थितीत मिळाले’ असे छापलेले असते. ती सही तशीच करू नये. सहीशेजारी आपल्या हाताने ‘पदर करपलेला, मला मान्य नाही’ असे लिहावे, तारीख घालावी आणि त्या पानाचा फोटो घ्यावा. वही पुढे करायला दुकानदार तयार नसेल, तर दुकानाच्या दारातूनच त्याच्या मोबाइलवर फोटोसह संदेश पाठवावा. पुढे ‘कपडा घरी नेल्यावर तुम्हीच जाळला’ असा बचाव घेतला गेला, तर वेळेची नोंद असलेला तो एक संदेश दहा साक्षीदारांचे काम करतो.

त्यानंतर पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. नवखी माणसे समोरच्या बाजूचा फोटो घेतात आणि अटी मात्र मागे असतात. दुकानात अटींचा फलक असेल तर तोही टिपावा, पण फक्त फलक टिपू नये. ग्राहक उभा राहतो तिथून तो कसा दिसतो, ते फोटोत आले पाहिजे. वहिनींच्या लाँड्रीत फलक होता, मात्र तो हँगरवर टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे होता आणि काउंटरसमोरून त्याचा फक्त वरचा कोपरा दिसत होता. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला.

शेवटची गोष्ट म्हणजे खरेदीचे बिल. साडीचे बिल बहुधा साडीच्या बॉक्समध्ये सापडते. ते नसेल तर यूपीआयची नोंद किंवा बँकेचे स्टेटमेंट चालते. तेही नसेल, तर त्याच प्रकारच्या साडीची आजची किंमत त्या दुकानातून लेखी घ्यावी.

जबाबदारी टाळणारी कोणतीही अट तीन दरवाजांतून पार व्हावी लागते

छापील करारांत जबाबदारी टाळणारी किंवा कमी करणारी अट असते, तिला बोलीभाषेत आपण ‘हात वर करण्याची अट’ म्हणतो. अशी अट समोर आली की न्यायालय एकामागून एक तीन प्रश्न विचारते. ही अट मुळात कराराचा भाग झाली होती का? झाली असेल, तर जे घडले ते तिच्या शब्दांत खरोखर बसते का? आणि बसत असेल, तर अशी अट घालण्याची मुभा कायदा देतो का? दुकानदाराला तिन्ही दरवाजे पार करावे लागतात. ग्राहकाला त्यांपैकी एक बंद करता आला तरी पुरते.

पहिल्या दरवाजाशी तीन गोष्टी पाहिल्या जातात : अट कधी कळवली, कशी कळवली आणि सही होती का. करार होऊन गेल्यावर पुढे केलेल्या अटीला अर्थ नाही. या बाबतीत 1949 चा इंग्लंडमधला एका हॉटेलविषयीचा निकाल आजही शिकवला जातो. पाहुण्या बाईंनी खाली काउंटरवर पैसे भरले, वर खोलीत गेल्या आणि तिथल्या भिंतीवर ‘सामान हरवल्यास जबाबदार नाही’ अशी सूचना होती. न्यायालयाने म्हटले की करार खालीच पूर्ण झाला, खोलीतली सूचना उशिराची आहे. वहिनींच्या बाबतीतही शालू आधी उघडून पाहिला गेला, भाव सांगितला गेला, ‘बुधवारी या’ असे ठरले, शालू मागच्या टोपलीत गेला आणि त्यानंतर पावती फाडली गेली. हा क्रम वहिनींना नीट आठवत होता आणि तो आम्ही नोटिशीत तसाच लिहिला. तुमच्या बाबतीतही त्या पाच मिनिटांचा क्रम आठवून त्याच दिवशी कागदावर उतरवावा, कारण सहा महिन्यांनी तो आठवत नाही.

आपल्यासाठी याहून जवळचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. तो 1995 च्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाच्या मुंबई विभागात पान 68 वर छापलेला असून तोही लाँड्रीच्या पावतीचाच आहे. पावतीवर छापलेल्या अटी ग्राहकाने सही करून मान्य केलेल्या नसतील, तर केवळ ती पावती हातात घेतली म्हणून त्या करारात येत नाहीत, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही लाँड्रीच्या वादात हा निकाल पहिल्या पानावर असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या दरवाजाशी दुकानदाराकडेही एक चांगले उत्तर असते आणि ते आम्हाला मिळालेही. वहिनी त्याच लाँड्रीत सहा वर्षे कपडे देत होत्या, तशाच पिवळ्या पावत्या त्यांना अनेकदा मिळाल्या होत्या, म्हणून अटी त्यांना माहीत होत्या असे मानले पाहिजे, असे दुकानदाराच्या वकिलांनी कळवले. जुन्या, सारख्या व्यवहारांतून अटींची माहिती गृहीत धरता येते, हे तत्त्व कायद्याला अपरिचित नाही, त्यामुळे नियमित ग्राहकाने केवळ ‘मी वाचले नाही’ यावर विसंबून राहू नये. अक्षरांचा आकार, इंग्रजी भाषा, कोटांमागचा फलक आणि कधीही सही न घेणे ही सगळी वस्तुस्थिती एकत्र मांडावी लागते आणि तरीही पुढच्या दोन दरवाजांची तयारी ठेवावी लागते.

दुसरा दरवाजा शब्दांचा आहे. अट ज्याने लिहिली, त्याने ती स्पष्ट लिहायला हवी होती. संदिग्ध राहिली तर तिचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. म्हणून अट एकदा सावकाश वाचून प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी आणि आपल्या नुकसानीचे कारण त्यात आहे का, ते पाहावे. वहिनींच्या पावतीवर चौथी अट होती की रंग गेल्यास, कपडा आटल्यास किंवा जरीचे काम विरल्यास दुकान जबाबदार नाही. दुकानदाराने आधी तिचाही आधार घेतला होता. परंतु रंग जाणे, आटणे, विरणे हे कापडाचे स्वतःचे दोष आहेत, तापलेली इस्त्री जास्त वेळ ठेवणे हा माणसाचा दोष आहे, आणि चौथ्या अटीत तो कुठेही नाही. पाचव्या अटीतला ‘खराब झाल्यास’ हा शब्द मात्र रुंद आहे आणि त्यात करपणे बसत नाही असे म्हणणे कठीण आहे. आमच्या बाजूने एवढेच म्हणता येत होते की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळायची किंवा कमी करायची असेल, तर तसे उघड शब्दांत लिहायला हवे होते. हा युक्तिवाद खोटा नाही, पण एकट्याने दावा जिंकून देईल एवढा भक्कमही नाही, हे मी वहिनींना त्याच दिवशी सांगितले होते.

याच दरवाजाच्या उंबऱ्यावर विम्याचे एक प्रकरण सांगण्यासारखे आहे, कारण तिथे अपवादाने मूळ कराराचा गाभाच खाल्ला होता. एका दुकानदाराचे दुकान तळघरात होते, विमा कंपनीने जागा पाहून विमा दिला, हप्ते घेतले आणि आग लागल्यावर ‘पॉलिसीत तळघर वगळलेले आहे’ असे सांगितले. 9 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद बाजूला सारला, कारण ज्या जागेसाठी करार केला तीच जागा वगळणारी अट करारच पोकळ करते. तुमच्या कागदावरची अट अशी असेल की ती खरी मानली तर तुम्ही पैसे कशासाठी दिले हाच प्रश्न पडावा, तर हा निकाल शोधून वाचावा.

तिसरा दरवाजा : कायदा अशी अट घालू देतो का

बहुतेक दावे प्रत्यक्षात इथे ठरतात. आपण एखादी वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि काम झाल्यावर ती परत मिळायची असते, तेव्हा भारतीय करार अधिनियम, 1872 त्या व्यवहाराला ‘निक्षेप’ मानतो. लाँड्रीत दिलेला शालू, गॅरेजमध्ये दिलेली मोटारसायकल, सोनाराकडे पॉलिशला दिलेली कोल्हापुरी साज हे सगळे निक्षेपच आहेत. कलम 151 म्हणते की तशाच प्रकारच्या, तेवढ्याच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे. कलम 152 नुसार एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसताना तो जबाबदार नाही. वस्तू परत देता आली नाही किंवा बिघडून परत आली, की काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझे वस्तू ताब्यात असणाऱ्यावर येते. हे उलटे ओझे नव्या तक्रारदाराला माहीत नसते आणि लाँड्रीच्या आत नेमके काय घडले ते आपण कसे सिद्ध करणार, या काळजीने तो आधीच हार मानतो.

मग वेगळ्या करारानेच ही काळजी सोडून देता येईल का, हा खरा प्रश्न आहे. मद्रास उच्च न्यायालयाचा 1966 चा निकाल (ऑल इंडिया रिपोर्टर 1966, मद्रास विभाग, पान 13) पुन्हा लाँड्रीचाच आहे. पावतीच्या मागे छापले होते की कपडा हरवल्यास बाजारभावाच्या निम्मीच रक्कम मिळेल. न्यायालयाने ही अट लोकहिताच्या विरुद्ध ठरवली आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी दिले : अशी अट मान्य केली, तर नवा कपडा ‘हरवल्याचे’ सांगून निम्म्या किमतीत स्वतःकडे ठेवण्याची सोयच दुकानदाराला मिळेल. लोकहिताच्या विरुद्ध असलेला करार कलम 23 प्रमाणे रद्दबातल असतो, ग्राहकाने पावती वाचली होती की नव्हती याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. वहिनींच्या सहा वर्षांच्या व्यवहाराचे उत्तर आम्हाला इथे मिळाले, कारण माहीत असलेली अटही बेकायदा असू शकते.

दुसरा निकाल 14 नोव्हेंबर 2019 चा, सर्वोच्च न्यायालयाचा आहे. 1998 साली दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन गाडी हॉटेलच्या माणसाकडे किल्लीसह पार्किंगसाठी दिली. परत आला तेव्हा गाडी चोरीला गेली होती. पार्किंगच्या बिल्ल्यावर छापले होते की गाडी पाहुण्याच्या जोखमीवर लावली जात आहे आणि हॉटेल जबाबदार नाही. न्यायालयाने ठरवले की गाडीचा ताबा घेतल्यावर स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा अटीने झटकता येत नाही. पाहुण्याने गाडी परत मिळाली नाही एवढे दाखवले की निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलने सिद्ध करायचे. आपल्याकडे मंगल कार्यालयांच्या आणि मोठ्या हॉटेलांच्या दारात किल्ली घेऊन बिल्ला देणारी माणसे असतात, तिथे हा निकाल थेट लागू पडतो.

किल्ली दिली नसेल तर मात्र नाही. बिंदू चौकात देवीच्या दर्शनासाठी आलेला माणूस स्वतः गाडी लावतो, किल्ली खिशात ठेवतो आणि जागेचे पैसे देऊन तिकीट घेतो, तेव्हा गाडीचा ताबा दुसऱ्याकडे गेला असे सहसा म्हणता येत नाही, फक्त जागा वापरायला मिळालेली असते. ताबा दिला की नाही हे ठरवण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : त्या माणसाच्या मदतीशिवाय मी माझी वस्तू कोणत्याही क्षणी घेऊन जाऊ शकत होतो का?

नोटीस कशी लिहावी

वकील लागतोच असे नाही, साधा कागद पुरतो. आम्ही पाठवलेली नोटीस दीड पानाची होती. सुरुवातीला तारखा आणि घडलेला क्रम होता, त्यानंतर डागाचे मोजमाप आणि फोटो. पुढच्या परिच्छेदात पावतीवरची पाचवी अट बंधनकारक का नाही, याची तीन कारणे दरवाजांच्या क्रमाने मांडली होती : ती करार झाल्यावर, सहीशिवाय, न वाचता येईल अशा रीतीने दिली; निष्काळजीपणाचा तिच्यात उल्लेख नाही; आणि कलम 151 व 23 यांच्यापुढे ती टिकत नाही. शेवटी रकमेचा हिशेब आणि पंधरा दिवसांची मुदत. नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली.

रकमेचा हिशेब हा नवख्यांचा सर्वांत कच्चा भाग असतो. लोक एक तर खरेदीची पूर्ण किंमत मागतात किंवा संतापाच्या भरात लाखाचा आकडा लिहितात. नोटिशीतला फुगवलेला आकडा दुकानदाराला बोलणी न करण्याचे कारण पुरवतो. आम्ही असे मांडले : शालूची खरेदी 18,500, चार वेळा नेसल्याबद्दल आणि दोन वर्षांबद्दल 2,500 वजा, म्हणजे 16,000. वाया गेलेली धुलाई 350. मानसिक त्रास आणि नोटीस खर्च मिळून 5,000. एकूण 21,350. त्याच विणीच्या शालूची आजची किंमत दुकानातून लेखी घेतली होती, ती 21,000 निघाली, म्हणून 2,500 ची वजावट आपण होऊन केली आहे हे दुकानदारालाही दिसत होते. किती घसारा धरावा याचा ठरलेला कोष्टक नाही. वापर किती झाला हे प्रामाणिकपणे सांगून वाजवी आकडा घ्यावा.

नुकसानीचे कारण डोळ्यांना दिसत असेल तर तज्ज्ञाची गरज पडत नाही. रंग पसरला, कापड आटले, अशा तक्रारीत मात्र ‘कापडच निकृष्ट होते’ हा बचाव हमखास येतो आणि तिथे आयोगाला नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती करता येते. म्हणून वाद संपेपर्यंत वस्तू पुन्हा धुऊ नये, रफू करू नये.

पावतीवर ‘आठ दिवसांत तक्रार न केल्यास हक्क राहणार नाही’ असेही छापलेले असते. ठरावीक मुदत संपताच हक्कच संपवून दाद मागायला अडवणारी अट करार अधिनियमाच्या कलम 28 पुढे, 1997 च्या दुरुस्तीनंतर, त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरते. तरीही आठ दिवसांच्या आत लेखी कळवून टाकावे, उगीच एका जादा मुद्द्यावर भांडण ओढवून घेऊ नये.

आयोगात जायची वेळ आली तर

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्याच्याखाली तक्रार कोणत्या आयोगात करायची, हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर आपण वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. तो 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. वहिनींचा मोबदला 350 रुपये होता. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात ती करता येते, म्हणून ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायालयाच्या अखत्यारीत’ या छापील ओळीला घाबरून कोल्हापूरच्या माणसाने मुंबईची गाडी पकडण्याचे कारण नाही.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात चांगले वकीलही अडखळतात. नव्या कायद्याने ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्या दिली आहे. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड, कारण न देता एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार, ग्राहकाला तोट्यात टाकणारी गैरवाजवी अट, असे प्रकार तिच्यात येतात आणि अशी अट रद्दबातल जाहीर करण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. परंतु हा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून जिल्हा आयोगातल्या तक्रारीची मुख्य मागणी ‘ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा’ अशी लिहिली, तर पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा आक्षेप येतो. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शीर्षांखाली लिहावी, भरपाई मागावी आणि दुकानदार अटीमागे लपला तर ती बंधनकारक का नाही हे उत्तरादाखल मांडावे. एकतर्फी अटी लादणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2 एप्रिल 2019 रोजी गुरुग्रामच्या एका फ्लॅटच्या प्रकरणात म्हटले आहे. तिथे हप्ता चुकला तर ग्राहकाकडून 18 टक्के व्याज घेणारा बिल्डर स्वतःच्या उशिरासाठी मात्र फक्त 9 टक्के व्याज द्यायला बांधील होता.

जिथे ही वाट बंद होते

एवढे वाचून प्रत्येक छापील अट उडते असे वाटले, तर ते धोक्याचे आहे. सही सगळे चित्र बदलते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका निर्यातदार कंपनीचे आणि कुरिअर कंपनीचे प्रकरण आले. परदेशी पाठवलेले पाकीट पोहोचले नाही, नुकसान मोठे होते, पण निर्यातदाराने सही केलेल्या चिठ्ठीवर भरपाईची कमाल मर्यादा 100 डॉलर होती, आणि न्यायालयाने तेवढीच कायम ठेवली. कुरिअरच्या काउंटरवर सही करण्याआधी पाकिटाची खरी किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय आहे का, हे विचारावे. किमती वस्तू असेल तर वेगळा विमा घ्यावा, नंतरचा दावा त्याची जागा घेऊ शकत नाही.

दोन धंदेवाल्यांमधल्या कराराकडेही न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. दुबळ्या पक्षावर लादलेली, अंतःकरणाला न पटणारी अट कलम 23 खाली रद्द करणारा गाजलेला निकाल 1986 चा आहे. त्यात एका सरकारी जलवाहतूक महामंडळाने कायम नोकरांना तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता काढण्याची अट घातली होती. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की दोन्ही बाजू व्यापारी असतील, तर हे तत्त्व लागू होणार नाही. लक्ष्मीपुरीतला घाऊक व्यापारी आणि त्याचा पुरवठादार यांना ते सहज वापरता येणार नाही. पोट भरण्यासाठी स्वतः चपला शिवणारा कारागीर यंत्र विकत घेतो तेव्हा मात्र तो ग्राहक राहू शकतो, कारण स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

आणि तोच कारागीर माल ट्रान्सपोर्टने पाठवत असेल, तर रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा स्वतःच वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित करतो आणि बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दावाच करू देत नाही. तिथे दरवाजांची चर्चा करण्याआधी ही तारीख मोजावी.

वहिनींच्या नोटिशीला अकराव्या दिवशी उत्तर आले, त्यात पाचवी अट आणि सहा वर्षांचा व्यवहार होता. आम्ही तक्रारीचा मसुदा, कोटांमागच्या फलकाचा फोटो आणि लाँड्रीच्या दोन निकालांच्या प्रती सोबत जोडून एक शेवटचे पत्र पाठवले. आठवड्याभराने दुकानदार स्वतः घरी आला आणि 14,000 रुपयांवर तडजोड झाली. त्याने आणलेल्या कागदावर ‘कपड्यात मूळचा दोष होता, तरी सद्भावनेने रक्कम देत आहोत’ असे एक वाक्य होते. वहिनींनी ते खोडून ‘ड्रायक्लीनिंगच्या वेळी शालूचा पदर करपल्याबद्दल पूर्ण व अंतिम भरपाई’ असे लिहिले, रक्कम बँक खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच सही केली आणि शालू स्वतःकडे ठेवला.